विसर्जन मिरवणुकीसाठी निरोपाचं गाणं कसं लिहावं?

प्रश्न : आमच्या गल्लीच्या मंडळाने यंदा डीजे बंद केलाय. हलगी, झांजा आणि पोरांची लेझीम असेल. मिरवणुकीत म्हणायला आपलं स्वतःचं निरोपाचं गाणं हवंय. मी तीनदा लिहिलं. दोनदा रडकं झालं, एकदा नुसत्या घोषणा झाल्या. नाचता पण यावं आणि गळा पण दाटावा, असं कसं लिहायचं?

उत्तर : तुमची तिन्ही गाणी मी पाहिलेली नाहीत, पण रडकं कुठून होतं ते ओळखीचं आहे. आपण ‘जाणं’ लिहायला बसतो. बाप्पा चालले, मंडप सुना झाला, डोळे भरले. आणि आपल्याकडे तर घरातून निघणारा माणूस ‘जातो’ असं म्हणतच नाही. चुकून म्हणालाच तर उंबऱ्यावरून आई ओरडते, ‘जातो म्हणू नये, येतो म्हणावं.’ उत्तरपूजेत गुरुजी म्हणतात त्या मंत्राचा शेवटही ‘पुनरागमनाय च’ असाच आहे. पाहुणा निघालाय, पण बोलणं परत येण्याचं चाललंय. हे एकदा मनात पक्कं बसलं की आनंद आणि हळवेपणा वेगवेगळे आणून जोडावे लागत नाहीत, ‘येतो’ या एका शब्दात ते दोन्ही आधीच असतात.

मी साताऱ्याकडचा. वीसेक वर्षं मंडळांसाठी आणि भजनी मंडळासाठी पदं लिहितोय. खाली सांगतो ते आमच्या कृष्णाकाठच्या एका गल्लीसाठी केलेल्या गाण्यावरून. त्यातलं सगळंच तुम्हाला लागू पडेल असं नाही. दोन गोष्टी तुमच्या तुम्हालाच बघाव्या लागतील.

पहिली म्हणजे वाद्यं. तुमच्याकडे हलगी आणि लेझीम आहे म्हणून चालता चालता गाता येईल. पूर्ण ढोल-ताशा पथक असतं तर मी सांगितलं असतं की गाणं फक्त चौकात थांबाल तेव्हा म्हणा. ताशाच्या कडकडाटाखाली व्यंजनं ऐकूच येत नाहीत, नुसते आ-ई-ओ उरतात. दुसरी गोष्ट, विसर्जन कुठे आहे. नदीवर असेल तर नदी येऊ दे, पण पालिकेच्या हौदात विसर्जन असताना गाण्यात लाटा आणि सागर आणू नका. आमच्याकडे एकाने आणला होता. सगळे गात होते, पण त्या ओळीला कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

आता साचा. तो नव्याने शोधायची गरज नाही, रस्त्यावर तो आधीपासून आहे. ‘गणपती बाप्पा मोरया’ ही घोषणा मात्रा मोजून बघा. ओरडताना ‘ती’ आखूड होते, म्हणजे ‘गणपति’ चार मात्रा आणि ‘बाप्पा’ चार, आठ झाल्या. ‘मोरया’ पाच मात्रांचा, उरलेल्या तीन मात्रांत ‘या’ लांबतो. ‘पुढच्या वर्षी’ पुन्हा आठ, ‘लवकर या’ सहा, आणि दोन मात्रा श्वासाला. आठ अधिक आठ, सरळ केरवा ताल. ‘गणपती गेले गावाला, चैन पडेना आम्हाला’ हेही याच मापात बसतं. आणि त्यात काय म्हटलंय ते बघा. चैन पडत नाही! पण पोरं ते उड्या मारत म्हणतात. तुम्ही जे विचारलंय ते लोकांनी फार आधी करून ठेवलंय. दुःख शब्दांत आहे, उडी ठेक्यात आहे, आणि दोघांत भांडण नाही.

म्हणून नियम म्हणून नाही, पण सवय म्हणून मी प्रत्येक ओळ आठ-आठ मात्रांच्या दोन तुकड्यांत लिहितो, आणि पहिला तुकडा संपतो तिथे शब्दही संपवतो. कारण श्वास. मिरवणुकीत मिनिटाला साधारण ऐंशी पावलं पडतात आणि एका पावलात दोन मात्रा बसतात. म्हणजे सोळा मात्रांच्या ओळीला सहा सेकंद लागतात. चालत, हात वर करून, नाचत सहा सेकंद एका दमात ओढणं अवघड आहे, तीन सेकंद सहज जमतात. आठव्या मात्रेवर शब्द अर्धवट तुटत असेल तर मागच्या रांगा तिथेच गळतात. तालमीत हे ओळखायची खूण सोपी आहे. पुढचे चारजण पूर्ण ओळ म्हणतात आणि मागचे फक्त तिचं शेपूट म्हणतात.

आमचं धृपद असं झालं :

*येतो म्हण रे, बाप्पा, येतो*
*पुढच्या वर्षी लवकर येतो*

पहिली ओळ म्होरक्याची, दुसरी सगळ्यांची. दुसऱ्या ओळीत घोषणेचाच एक शब्द बदललाय, ‘या’चा ‘येतो’. आपण वर्षानुवर्षं ‘लवकर या’ म्हणून मागणं घालतो. इथे गल्ली बाप्पाच्या वतीने उत्तर देते. पाठ करायला काही नाही, दुसऱ्याच फेरीला रस्त्याकडेचा अनोळखी माणूससुद्धा म्हणू लागतो. मिरवणुकीच्या गाण्यात नवीन काय आहे यापेक्षा, आधीपासून ओठांवर असलेलं किती आहे ते मी आधी बघतो.

एक बारीक गोष्ट. घोषणेत आपण बाप्पाला अहो-जाहो करतो, ‘या’ म्हणतो. पण आरत्या-भजनांत देव ‘तू’च असतो. दोन्ही चालतं, एकाच ओळीत मिसळलं की मात्र कानाला खटकतं. मी गाण्यात सगळीकडे ‘तू’ ठेवला आणि मूळ घोषणा तिच्या जागी तशीच राहू दिली.

चाल मी संगीतकार म्हणून सांगत नाही, लिहिणारा म्हणून जेवढं लागतं तेवढंच सांगतो. धृपद सा ते प या पाच सुरांत राहू द्या, कारण घोळक्यात बाप्ये, बाया, पोरं सगळे एकाच पट्टीत गाणार. गंधार शुद्ध ठेवा, कोमल केला की ठेका कितीही उडता असला तरी गाणं खाली बसतं. हळवेपणा सुरातही आणायचा असेल तर एक जागा आहे. म्होरक्याची ओळ ‘येतो’वर संपते, तिथे सा वर टेकू नका, रे वर सोडून द्या. कान वाट बघत राहतो. मग घोळक्याचं ‘लवकर येतो’ सा वर येऊन बसतं. आम्ही आधी दोन्ही ओळी सा वरच संपवत होतो. तेव्हा लोक उत्तर द्यायला उशीर करायचे, कारण त्यांना वाटायचं ओळ झालीच. रे वर सोडल्यावर उत्तर आपोआप यायला लागलं.

आता अंतरे, म्हणजे तुमची खरी अडचण.

माझ्या पहिल्या खर्ड्यात हे होतं : ‘विरहाचा हा क्षण आला रे’. मात्रा बरोबर, ठेका बरोबर. तालमीत हलगीवाल्याने हात थांबवला आणि म्हणाला, ‘दादा, हे कुणाच्या घरचं?’ त्याला तेवढंच म्हणायचं होतं आणि तो शंभर टक्के बरोबर होता. विरह, क्षण, अश्रू, आसवं हे कुणाच्याच घरचे शब्द नाहीत. गल्लीतल्या कुठल्याही आजीने ‘मला विरह झाला’ असं आयुष्यात म्हटलेलं नाही. भावनेचं नाव घेतलं की गायचं काही उरत नाही. त्याऐवजी वस्तू घ्या, हातातलं काम घ्या.

मग मी दोन संध्याकाळी गल्लीत बसलो आणि लोकांना विचारत राहिलो, निघताना तुम्ही काय करता? ‘कसं वाटतं’ असं विचारलं नाही, त्याला सगळे ‘वाईट वाटतं’ एवढंच उत्तर देतात. काय करता म्हटल्यावर मात्र भरपूर मिळालं. देव हलवायच्या आधी कोपऱ्यावरच्या घरातल्या आजी दही-पोह्याचा डबा आणतात, प्रवासाची शिदोरी म्हणून. लेझमीतल्या एका पोराची दरवर्षी पहिल्याच चौकात चप्पल तुटते. घरचे गणपती विसर्जन करून येताना पाटावर थोडी माती आणली जाते, ती देवाच्या जागी ठेवून पुन्हा आरती होते. मला गाणं इथेच मिळालं.

शिदोरीवरचा अंतरा मी आधी असा केला : ‘अर्पण करितो दही-शिदोरी’. तालमीत एका पोरीने तो परस्पर बदलला. तिच्या तोंडून आलं ‘घे आजीची’. मापात चोख बसलं, दोनाला सहा, आठ. आणि अर्पण करणारा कोण ते कुणालाच माहीत नव्हतं, आजी मात्र तिथेच पायरीवर बसल्या होत्या.

*घे आजीची दही-शिदोरी*
*भूक लागली जर का थोडी*

शिदोरी आणि थोडी हे पक्कं यमक नाही. रस्त्यावर चालतं, ओकार आणि शेवटची ई जुळली की कान समाधानी असतो. यमकासाठी ‘जर का थोडी’ बदलायला मी तयार नव्हतो, कारण सगळी माया त्या ‘जर का थोडी’त आहे. प्रवासाला निघालेल्या पोराला आई असंच म्हणते. या दोन ओळींत दुःखाचा एकही शब्द नाही आणि बायकांच्या रांगेत पहिल्यांदा पदर डोळ्याला गेला तो इथे. ठेका मात्र चालूच होता.

दुसरा अंतरा निव्वळ नाचाचा :

*पोर नाचते, चप्पल सुटली*
*लेझिम नाही हातुन सुटली*

हळव्या अंतऱ्यानंतर लगेच हसरा अंतरा ठेवायचा. दोन हळवे लागोपाठ आले की हलगी आपसूक मंदावते, वाजवणाऱ्याला सांगावं लागत नाही. तीच तुमची खूण. अंतरा म्हणताना हलगीचा वेग उतरला तर शब्द जड झालेत असं समजायचं.

दोन्ही अंतऱ्यांच्या ओळी काढून बघा, सगळ्या मोकळ्या स्वरावर संपतात : ई, ई, ई, ई. धृपदात ओ. हे मुद्दाम आहे. ‘हात’, ‘वाट’, ‘गाव’ असे शब्द ओळीच्या शेवटी आले की घोळक्यात शेवटचं अक्षर गिळलं जातं, किंवा लोक ते ‘हाऽतऽ’ असं ओढतात आणि ओळ एका मात्रेने लांबते. असा शब्द हवाच असेल तर मधे आणा. तसंच जड जोडाक्षर समेवर ठेवू नका, तिथे हलगीची थाप पडते आणि अक्षर तिच्याखाली सापडतं.

आणखी एक गोष्ट घरी कागदावर लिहिताना कधीच लक्षात येत नाही. तुमचं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त तुम्हीच ऐकणार आहात. दारात उभ्या असलेल्या माणसाला ते येताना आणि जाताना मिळून फार तर मिनिटभर नीट ऐकू येतं. मी स्वतः एका ओट्यावर उभं राहून घड्याळ लावून बघितलंय. धृपदाच्या दोन ओळी बारा सेकंद, अंतऱ्याच्या दोन ओळी प्रत्येकी दोनदा म्हटल्या तर चोवीस, पुन्हा धृपद बारा. झाली अठ्ठेचाळीस सेकंद. म्हणजे प्रत्येक अंतऱ्यानंतर धृपद आलं तरच त्या माणसाला ते दोनदा मिळतं आणि दुसऱ्यांदा तो आपल्यात सामील होतो. चार-चार ओळींचे अंतरे केले की हे गणित मोडतं. याच कारणाने गाण्यात गोष्ट सांगू नये, ‘मग’, ‘त्यानंतर’ असं काही नको. प्रत्येक जोडी एकटी उभी राहिली पाहिजे.

आता एक जोडी सांगतो जी मी काढून टाकली. एका बाईंनी सांगितलं होतं, ‘बाप्पा गेल्यावर दुसऱ्या दिवशी सात वाजले की पाय आपोआप मंडपाकडं वळतात.’ त्यावरून हे झालं :

*सात वाजता पाउल वळले*
*मंडप नाही, मग रे कळले*

मला विचाराल तर गाण्यातल्या सगळ्यात चांगल्या ओळी याच. पहिल्या वर्षी दुसऱ्या चौकात म्हटल्या. बायका एकदम गप्प झाल्या आणि त्यानंतरचं धृपद उचललंच गेलं नाही, म्होरक्या एकटाच गात राहिला. मी रात्रभर विचार केला, ओळी तर खऱ्या आहेत. मग लक्षात आलं, त्या उद्याच्या आहेत. बाप्पा अजून समोर गाडीवर बसलेत आणि आपण ते गेल्यानंतरचं गातोय. मिरवणुकीच्या गाण्यात ‘आत्ता’ सोडून पुढे गेलं की नाचणाऱ्याचे पाय थांबतात. त्या ओळी आम्ही टाकून दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मंडपाचे बांबू सोडताना पोरं त्या म्हणतात, तिथे त्या बरोबर बसतात. तुमच्या रडक्या गाण्यांतल्या ओळीही एकदा अशा तपासून बघा. कदाचित त्या वाईट नसतील, एक दिवस आधी आल्या असतील.

शेवटची जोडी मात्र वेगळी ठेवा. ती रस्त्यावर म्हणायचीच नाही. घाट किंवा हौद दिसायला लागतो त्या शेवटच्या वळणाला, आणि तीही एकदाच :

*पाटाजवळी एकच समई*
*माती घेउन येतो आम्ही*

इथे ‘येतो’ पहिल्यांदा बाप्पाच्या तोंडून न येता आपल्या तोंडून येतो. गाणंभर आपण त्याच्याकडून वदवून घेतलं, शेवटी आपण त्याला सांगतो की आम्हीही घरी येतोय, तुझ्या जागेवर माती घेऊन. सार्वजनिक मंडळात माती आणायची पद्धत नसेल तर ही ओळ उचलू नका. तुमच्याकडे परत येऊन काय करतात ते बघा : नारळ वाढवत असतील, प्रसाद वाटत असतील, रिकाम्या चौरंगापाशी दिवा लावत असतील. जे करता तेच लिहा. वेग इथे थोडा कमी केला तरी चालतो, कारण वळणावर गाडी तशीही हळू होते. पण धृपद पुन्हा मूळ वेगात घ्या, नाहीतर गाणं रडत संपेल.

आणि पाण्यापाशी गाणं थांबवा. तिथे आरती होते, तिथे आपल्या शब्दांना जागा नाही. आम्ही धृपदाची शेवटची फेरी घाटाच्या पहिल्या पायरीवर संपवतो, ‘पुढच्या वर्षी लवकर येतो’ला हलगी एका थापेवर तोडतो आणि लगेच मूळ घोषणा देतो, ‘या’ सकट.

तुमचं तिसरं गाणं घोषणांचं झालं म्हणालात. ते फेकू नका, त्यात धृपद सापडण्याची शक्यता बरीच आहे. फक्त त्यातली मंडळाची, अध्यक्षांची, वर्गणीदारांची नावं असतील तर काढा. पुढच्या वर्षी नावं बदलतात आणि गाणं जुनं होतं. रडक्या दोन गाण्यांतून हातातली कामं आणि वस्तू तेवढ्या बाजूला काढा. दोन-तीन जोड्या पुरे, त्यापेक्षा जास्त कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

तालमीला कागद वाटू नका. दहा-बारा पोरांना तीन संध्याकाळी तोंडी शिकवा, हलगीसकट आणि चालत, बसून नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी जे शब्द परस्पर बदलले असतील ते वहीत लिहून घ्या. दहापैकी आठ ठिकाणी त्यांचंच बरोबर असतं.